निवड न झालेल्या व्हेंडरला गुणांचा मेल कसा लिहायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परचेसमध्ये काम करणाऱ्यांना पीओ, म्हणजे खरेदीचा आदेश, देणं सोपं जातं, नकार कळवणं जड जातं. त्यातून निवड गुणांवर झाली असेल आणि ज्याला नाकारलं त्याचाच रेट सर्वात कमी असेल, तर त्याचा पहिला प्रश्न काय असणार हे आधीच ठाऊक असतं. खालची उत्तरं एकाच उदाहरणावर बेतलेली आहेत. चाकणचा एक खासगी कारखाना, तीन पाळ्या, रोज सुमारे ९०० ताटं आणि कर्मचाऱ्यांच्या कॅन्टीनचं दोन वर्षांचं कंत्राट. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण हिशोबाची पद्धत नेहमीचीच आहे.

आधी हिशोब सांगा. रेट सर्वात कमी असूनही व्हेंडर मागे कसा पडतो?

निविदेत लिहिलं होतं की तांत्रिक गुणांना ६० टक्के भार आणि दराला ४० टक्के. तांत्रिक भागात १०० पैकी किमान ६० गुण मिळाले, तरच दराचं पाकीट उघडायचं. दराचे गुण काढायची रीत अशी, की सर्वात कमी दराला पूर्ण ४० गुण आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात:

```
दराचे गुण = (सर्वात कमी दर ÷ व्हेंडरचा दर) × ४०
एकूण गुण = (तांत्रिक गुण × ०.६) + दराचे गुण
```

आपल्या व्हेंडरला तांत्रिक भागात ६६ मिळाले आणि त्याचा दर ताटामागे ७२ रुपये, म्हणजे सर्वात कमी. त्याचे एकूण गुण ३९.६ अधिक ४०, म्हणजे ७९.६. ज्याची निवड झाली त्याला तांत्रिक भागात ८४ आणि त्याचा दर ८० रुपये. त्याचे ५०.४ अधिक ३६, म्हणजे ८६.४. ताटामागे आठ रुपये महाग असूनही दराच्या भागात त्याचे फक्त चार गुण गेले, उलट तांत्रिक भागात त्याने जवळपास अकरा गुणांची आघाडी घेतली.

मेल लिहिण्याआधी हा हिशोब कागदावर स्वतः मांडून पाहा. एक्सेलमध्ये तयार आलेला आकडा तसाच मेलमध्ये टाकला, की व्हेंडरच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

मेल कधी पाठवायचा?

निवड झालेल्या व्हेंडरने एलओआय, म्हणजे काम देण्याच्या इराद्याचं पत्र, किंवा पीओ लेखी स्वीकारला, की त्याच दिवशी. त्याआधी पाठवला आणि पहिल्याने ऐनवेळी माघार घेतली, तर ज्याला नकार कळवला त्याच्याकडेच परत जावं लागतं, आणि मग तो आपल्या अटीवर बोलतो. उशीर केला तर बातमी आपल्याआधी पोहोचते. नवा कंत्राटदार स्वयंपाकघर बघायला गाडी घेऊन आला, की गेटवरच्या सिक्युरिटीपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना कळतं. एमआयडीसीत केटरिंगवाले एकमेकांना ओळखतात, माणसंही एकाकडून दुसऱ्याकडे जातात. आपला निकाल व्हेंडरला दुसऱ्याच्या आचाऱ्याकडून कळणं त्याला नकारापेक्षा जास्त लागतं.

आधी फोन करावा का?

ओळखीचा व्हेंडर असेल, आपल्याकडे काम केलेला असेल, तर करावा. दोन मिनिटं पुरतात. निकाल सांगायचा, आजच मेलमध्ये गुण येतील असं सांगायचं आणि थांबायचं. फोनवर कारणांच्या खोलात जाऊ नये, कारण तिथे बोललेलं अर्धं वाक्य पुढे ‘साहेब तर म्हणाले होते’ म्हणून परत येतं. जे मेलमध्ये लिहिता येणार नाही ते फोनवरही बोलू नये.

प्रत्यक्ष मेल कसा असावा?

या उदाहरणात मी असा लिहीन:

> विषय: चाकण प्लांट कॅन्टीन सेवा: निविदेचा निकाल आणि तुमच्या प्रस्तावाचे गुण
>
> नमस्कार साहेब,
>
> कॅन्टीन सेवेसाठी तुम्ही दिलेला प्रस्ताव या वेळी निवडला गेलेला नाही. सकाळी फोनवर सांगितल्याप्रमाणे गुणांचा तपशील पाठवत आहे.
>
> निविदेतल्या मूल्यांकनाच्या कलमाप्रमाणे तांत्रिक भागाला ६० टक्के आणि दराला ४० टक्के भार होता. तुमचा ७२ रुपयांचा दर सर्वात कमी होता, त्यामुळे दराचे पूर्ण ४० गुण तुम्हाला मिळाले. तांत्रिक भागात १०० पैकी ६६ गुण मिळाले, त्यांचे भारित गुण ३९.६. एकूण गुण ७९.६. निवड झालेल्या प्रस्तावाचे एकूण गुण ८६.४ आहेत.
>
> तांत्रिक गुण असे:
> चव आणि मेनू: १५ पैकी १४
> एवढ्याच आकाराच्या कामाचा अनुभव: २० पैकी १७
> अन्नसुरक्षा आणि स्वयंपाकघराची पाहणी: ३० पैकी १८
> मनुष्यबळाचा आराखडा: २० पैकी ११
> पर्यायी व्यवस्था: १५ पैकी ६
>
> चवीला आणि अनुभवाला तुम्हाला चांगले गुण आहेत. बाकीच्या तीन ठिकाणी गुण कमी होण्याची कारणं:
>
> पाहणीच्या दिवशी डीप फ्रीझरच्या तापमानाची नोंदवही आधीच्या ११ दिवसांची कोरी होती. अन्न हाताळणाऱ्या २२ जणांपैकी ८ जणांची वैद्यकीय तपासणी होऊन एक वर्षाहून जास्त काळ झाला होता. या दोन्ही नोंदी पाहणी अहवालात आहेत आणि त्यावर तुमच्या सुपरवायझरची सही आहे.
>
> निविदेत तिन्ही पाळ्यांना सुपरवायझर मागितला होता. तुमच्या आराखड्यात रात्रपाळीला सुपरवायझर दाखवलेला नाही.
>
> गॅस, पाणी किंवा माणसं मिळाली नाहीत तर जेवण कुठून येईल, त्या स्वयंपाकघराचा पत्ता, क्षमता आणि अंतर मागितलं होतं. प्रस्तावात ‘आवश्यकतेनुसार सोय केली जाईल’ एवढंच आहे.
>
> गुणांच्या बेरजेबद्दल किंवा आमच्याकडून एखादा कागद बघायचा राहिला असं वाटत असल्यास, येत्या पाच कामकाजाच्या दिवसांत या मेलवर लिहा. आम्ही तपासून लेखी उत्तर देऊ. प्रत्यक्ष बोलायचं असेल तर पुढच्या आठवड्यात अर्ध्या तासाची भेट ठेवू.
>
> तुमची ५०,००० रुपयांची बयाणा रक्कम याच महिन्याच्या ३० तारखेपर्यंत खात्यावर जमा होईल. आमच्या मान्यताप्राप्त व्हेंडरच्या यादीत तुमचं नाव कायम आहे.
>
> प्रस्ताव तयार करायला, पाहणीला आणि चवीच्या चाचणीला तुम्ही वेळ आणि माणसं दिलीत, त्याबद्दल आभार.

निकाल पहिल्याच वाक्यात आहे. आभार सुरुवातीला मांडले, की वाचणारा ‘पण’ कुठे येतो ते शोधत खाली जातो आणि मधलं काहीच वाचत नाही.

निवड झालेल्याचे तांत्रिक गुण मेलमध्ये का दिले नाहीत? एवढं सगळं दिलंच आहे तर?

कारण त्यातून त्याचा दर फुटतो. अनेक खरेदी विभागांच्या हे लक्षातच येत नाही. सूत्र निविदेत छापलेलं आहे. आपला दर सर्वात कमी होता हे या व्हेंडरला आता माहीत आहे. त्याला दुसऱ्याचे एकूण गुण ८६.४ आणि तांत्रिक गुण ८४ असे दोन्ही आकडे दिले, तर तो ८४ चे ६० टक्के काढेल, ५०.४. ते वजा केले की उरले ३६. चाळीसपैकी ३६ म्हणजे नव्वद टक्के, आणि ७२ भागिले ०.९ म्हणजे ८० रुपये. दर आपण कुठेही लिहिला नाही, तरी त्याच्या हातात पडला.

खासगी कंपनीत हा दर गोपनीय ठेवायचं आपण निविदेतच कबूल केलेलं असतं. म्हणून ज्याला मेल जातो त्याचे स्वतःचे गुण निकषांप्रमाणे पूर्ण द्यायचे, आणि दुसऱ्याचा एकच आकडा. मी एकूण गुण देते, कारण आपण किती मागे राहिलो हे त्याला त्यातून समजतं. तिसऱ्या, चौथ्या व्हेंडरचे गुण तर मुळीच देऊ नयेत. दुसऱ्याच्या प्रस्तावातल्या उणिवाही सांगू नयेत, आणि त्याचं कौतुकही करू नये. ‘त्यांची दुसरी किचन तळेगावला आहे’ एवढं सांगितलं तरी नाव कळतं.

‘दर अजून खाली आणला असता तर मिळालं असतं का?’ याला काय उत्तर द्यायचं?

खरं उत्तर असं, की त्याच्या पारड्यात दराचे ४० च्या ४० गुण आधीच पडलेले होते. दर अजून उतरवून त्याचे स्वतःचे गुण वाढले नसते, फक्त इतरांचे थोडे कमी झाले असते. आपल्या उदाहरणात हा व्हेंडर पुढे जायला त्याचा दर ५८ रुपये ४० पैशांच्या खाली यायला हवा होता. त्या भावात ताट भरतच नाही. पण हा ५८.४० चा आकडा त्याला सांगायचा नाही. त्यावरूनही तो दुसऱ्याचा दर काढू शकतो.

त्याला देता येईल तो आकडा तांत्रिक बाजूचा आहे, कारण तो त्याच्याच गुणांवरून आणि ८६.४ वरून निघतो. तांत्रिक गुण ६६ ऐवजी ७८ असते, तर एकूण ८६.८ झाले असते. बारा गुणांचा फरक. पर्यायी व्यवस्थेत नऊ गेले, मनुष्यबळात नऊ आणि अन्नसुरक्षेत बारा, हे सगळं त्याच्या समोर आहे. पुढच्या वेळी रेट कुठवर पाडायचा या विचारात अडकण्याऐवजी तो नोंदवही आणि रात्रपाळीचा सुपरवायझर यांकडे वळतो, आणि ते त्याच्याच नाही तर त्याच्या इतर गिऱ्हाइकांच्याही भल्याचं असतं.

हे उत्तर मी भेटीत देते. मेलमध्ये घातलं, तर बारा गुण कुठून परत मिळवता येतील यावर पत्रव्यवहार सुरू होतो.

कारणं लिहिताना शब्द कसे निवडायचे?

जे पाहिलं ते लिहायचं, त्यावरचं आपलं मत लिहायचं नाही. ‘स्वच्छतेकडे दुर्लक्ष’ असं लिहिलं तर तो दुखावतो आणि वाद घालतो, कारण ते त्याच्या नावावर बोट ठेवणं झालं. ‘नोंदवही ११ दिवसांची कोरी होती’ असं लिहिलं तर तो सुपरवायझरला बोलावून विचारतो. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी ही एफएसएसएआयच्या नियमांतलीच अट आहे, तेव्हा त्या गुणांबद्दल आमची नजर कडक होती असंही कुणाला म्हणता येत नाही.

पाहणी अहवालावर व्हेंडरच्या माणसाची सही त्याच दिवशी घेतली नसेल, तर हा मेल लिहायला बसल्यावर पंचाईत होते. निरीक्षण दोन महिन्यांनी पहिल्यांदा त्याच्या कानावर जातं आणि त्याला ते रचलेलं वाटतं. त्यामुळे मेलचा निम्मा पाया पाहणीच्या दिवशीच घातलेला असतो. सोबत एक प्रत तिथेच द्यावी.

मेलमधलं प्रत्येक कारण निविदेत छापलेल्या निकषाशी जोडता आलं पाहिजे. एखादं कारण जोडता येत नसेल, उदाहरणार्थ ‘तुमचा माणूस प्री-बिड मीटिंगला उशिरा आला’, तर ते गुणांतही यायला नको होतं. तसं आढळलं तर मेल थांबवून आधी समितीकडे जावं.

कोणती वाक्यं टाळावीत?

‘अगदी थोडक्यात हुकलात.’ जवळपास सात गुणांचा फरक थोडका नाही, आणि हेच वाक्य पुढे तक्रारीत जोडलं जातं. ‘पुढच्या वेळी नक्की बघू.’ हे आश्वासन आहे, आणि ते द्यायचा अधिकार आपल्याला नाही. ‘निर्णय वरून झाला.’ यात गुणपत्रिका खोटी होती असंच आपण कबूल करतो. मी तर म्हणेन की या एका वाक्याने सगळी प्रक्रिया धुळीला मिळते, मग ती कितीही नेकीने झालेली असो.

समितीतल्या सदस्यांचे गुण एकसारखे नव्हते. तेही सांगायचं का?

नाही. व्हेंडरला समितीचा एक ठरलेला आकडा जातो. कुणी किती दिले आणि सदस्य कोण होते, हे आत राहतं. पण आतली सफाई आधी करा. पर्यायी व्यवस्थेला एकाने १५ पैकी १२ आणि दुसऱ्याने ३ दिले असतील, तर सरसकट सरासरी काढून पुढे जाऊ नये. दोघांनी एकच पान वाचलं होतं का, हे बसून पाहावं. बहुतेक वेळा एकाने जोडपत्र बघितलेलंच नसतं. चर्चेनंतर गुण बदलले तर का बदलले हे एका ओळीत लिहून सह्या घ्याव्यात. व्हेंडरने शंका काढली की हीच ओळ उपयोगी पडते.

मेल मिळाल्यावर व्हेंडर म्हणतो, ‘ती वैद्यकीय प्रमाणपत्रं आता तयार आहेत, लगेच पाठवतो.’ किंवा, ‘दोन रुपये कमी करतो, परत बघा.’

दोन्हीला एकच उत्तर, आणि ते सौम्य शब्दांत. मूल्यांकन मुदतीपर्यंत आलेल्या कागदांवर आणि पाहणीच्या दिवशीच्या स्थितीवर झालं. आता आलेला कागद घेतला, तर बाकीच्यांनाही तीच संधी द्यावी लागेल. दराबद्दलही तेच. एकदा गुण कळल्यावर दर बदलायची मुभा दिली, तर पुढच्या निविदेत कुणी पहिल्या फेरीत खरा दर लिहिणारच नाही.

प्रमाणपत्रं मात्र घ्यावीत आणि व्हेंडरच्या नोंदणी फाइलला लावावीत. ‘या निविदेसाठी धरता येणार नाहीत, नोंदणीत अद्ययावत केली आहेत’ असं उत्तर पाठवावं. त्याने केलेली दुरुस्ती वाया गेली नाही, हे त्याला दिसतं.

आणि आपलीच चूक निघाली तर?

पाच दिवसांची मुदत त्यासाठीच आहे. समजा त्याने दाखवून दिलं की दुसऱ्या स्वयंपाकघराचा पत्ता प्रस्तावाच्या जोडपत्रात होता आणि तो वाचायचा राहिला. तर समितीने ते पान पुन्हा तपासून गुण द्यावेत. पर्यायी व्यवस्थेत ६ चे पूर्ण १५ झाले, तरी तांत्रिक गुण ७५ होतात आणि एकूण ८५. क्रम बदलत नाही. तरीही सुधारलेले गुण लेखी कळवावेत आणि चूक झाली असं साध्या शब्दांत मान्य करावं.

क्रम बदलत असेल, तर प्रश्न परचेसच्या हातातला राहत नाही. पीओ दिला आहे, समोरच्याने कदाचित माणसंही नेमली आहेत. अशा वेळी कायदा विभाग आणि मान्यता देणारे अधिकारी यांच्यापुढे लगेच ठेवावं, आणि तोवर दोन्ही व्हेंडरना कोणताही शब्द देऊ नये. म्हणूनच जमलं तर कंत्राटाची सुरुवात निकालानंतर थोड्या दिवसांनी ठेवावी.

नाकारलेला व्हेंडर सध्या आपल्याकडेच काम करत असेल तर?

तर मेलपेक्षा त्याची बिलं महत्त्वाची. तो अजून महिनाभर ९०० ताटं वाढणार आहे आणि त्याला निकाल कळलेला आहे. थकलेली बिलं, सुरक्षा ठेव, त्याच्या मालकीची भांडी आणि भट्ट्या यांची यादी, हस्तांतराची तारीख, हे सगळं वेगळ्या पत्रात द्यावं. गुणांच्या मेलमध्ये मिसळू नये. तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर एमएसएमई विकास कायदा, २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांपलीकडे रखडवता येत नाहीत. आणि करारात मुदतच लिहिलेली नसेल, तर मर्यादा १५ दिवसांची आहे.

नकार मिळालेले व्हेंडर पुढच्या निविदेला येतात की नाही, हे माझ्या मते मेलच्या गोडव्यापेक्षा बयाणा आणि शेवटचं बिल वेळेवर मिळालं का यावर ठरतं. ३० तारीख लिहिली असेल, तर अकाउंट्सकडून ती तारीख आधी पक्की करून घ्या आणि मगच लिहा.

सांत्वन म्हणून लहानसं काम देणं मात्र नको. वार्षिक स्नेहसंमेलनाचं जेवण त्याला द्यायचं असेल, तर त्याच्या वेळी, त्याच्या कोटेशनवर द्यावं.

सरकारी कार्यालयात हेच नियम चालतात का?

गाभा तोच, पण उघड करण्याची मर्यादा वेगळी. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला, म्हणजे जीएफआर २०१७ मधला, नियम १७३ सांगतो की निविदा नाकारण्याची कारणं व्हेंडरने विचारल्यास सांगितलीच पाहिजेत. तिथे दराची पाकिटं सर्वांसमोर किंवा पोर्टलवर उघडली जातात, त्यामुळे दर फुटायची चिंता उरत नाही. यशस्वी न झालेल्यांची बयाणा रक्कम कंत्राट दिल्यापासून ३० दिवसांच्या आत परत करायची असते. कॅन्टीनसारख्या सल्लागार नसलेल्या सेवेला गुणवत्तेचा ६० टक्के भार तिथे देता येत नाही. ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांप्रमाणे अशा कामांत गुणवत्तेचा भार जास्तीत जास्त ३० टक्के. माहिती अधिकारातही कागद मागता येतात, मात्र व्यापारी गुपितांना कलम ८(१)(घ) चं संरक्षण आहे.

ज्याला तांत्रिक भागात ६० गुणही मिळाले नाहीत, त्यालाही हाच मेल जातो का?

नाही, त्याचा मेल लहान आणि लवकर. तांत्रिक निकाल लागला, की त्याच आठवड्यात. त्यात त्याचे निकषांप्रमाणे गुण, ६० ची अट, गुण गेल्याची कारणं आणि शंकेसाठी तीच पाच दिवसांची मुदत. अंतिम क्रम किंवा विजेत्याचे गुण तिथे यायचा प्रश्नच नाही, ते अजून ठरलेले नसतात. शंकेची मुदत संपली, की त्याच्या दराचं पाकीट न उघडता परत करायचं, आणि पोच घेऊन ती फाइलला लावायची.